साडीच्या फोटोखाली कोण बोलतंय

नागपूरच्या एक बाई आमच्या जुन्या ग्राहक. साडीला फॉल-पिको करून पाठवा, एवढंच सांगायला त्यांनी फोन केला होता. ते बोलून झालं आणि ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "एक विचारू का ताई? हल्ली तुमच्याकडे लिहायला दुसरं कुणी बसतं का? फोटोखालचं वाचताना कधी वाटतं तुम्हीच बोलताय, कधी वाटतं कॉलेजातलं पोर बोलतंय, आणि परवा तर सरकारी पत्र आल्यासारखं वाटलं." स्वरात तक्रार नव्हती. ओळखीच्या घरी फोन लावावा आणि उचलणारा आवाज अनोळखी निघावा, तेव्हा आपण जसं विचारतो, तसं त्यांनी विचारलं होतं. मी काहीतरी उत्तर दिलं, पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. खोक्यांवर टेप चिकटवताना, चहा पिताना, संध्याकाळी इंदूरच्या राजेंद्रनगरच्या रस्त्यावरून घरी चालत जाताना मी मनातल्या मनात आमच्या कॅप्शनाच वाचत होते.

आमची कंपनी म्हणजे एक फ्लॅट. पुढच्या खोलीत साड्यांचे गठ्ठे आणि खळीचा वास, मागच्या खोलीत खिडकीजवळ फोटो काढायची जागा, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर पॅकिंग. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटर, तिथल्या विणकरांकडून माल येतो आणि पुण्या-मुंबई-नागपूरला जातो. सुरुवातीला संस्थापक एकटीच सगळं लिहायची. तिला आम्ही सगळे दीदी म्हणतो, वयाने मी मोठी असूनही. मग काम वाढलं. फोटो काढणारा मुलगा स्वतःच कॅप्शन लिहायला लागला, कारण फोटो त्याच्याच फोनमध्ये असायचे. पुण्याहून एक मुलगी घरून लिहायला लागली. पाठवणीचं बघणाऱ्या काकू, गर्दीच्या दिवसांत, हाताशी कुणी नसलं की लिहायच्या. मी आयुष्यभर छापखान्यांची मुद्रितं तपासली, त्यामुळे माझ्याकडे शुद्धलेखन आलं. कुणीही वाईट लिहीत नव्हतं, हे आधीच सांगते. चौघांचं चौघांना शोभेल असंच होतं.

एक दिवस मी एकाच साडीच्या चार कॅप्शना छापून काढल्या. त्या साडीचा फोटो वेगवेगळ्या वेळी पुन्हा टाकला गेला होता, त्यामुळे चौघांचाही हात तिला लागलेला होता. मुलाने लिहिलं होतं, "हाय, मी महेश्वरी! नर्मदेकाठून थेट तुझ्या कपाटात यायला रेडी! मजेंटा लव्हर्स, फक्त दोनच उरल्यात, पळा!!" आणि पुढे इमोजींची रांग. पुण्याच्या मुलीने लिहिलं होतं, "काही वस्त्रं नेसायची नसतात, जगायची असतात. मावळतीचा रंग अंगावर पांघरून पाहा." काकूंनी लिहिलं होतं, "आपणांस कळविण्यात येते की सदर गुलाबी सिल्क साडी ब्लाउजपीससह उपलब्ध आहे. इच्छुकांनी संपर्क साधावा." आणि दीदीचं होतं, "मी स्वतः महेश्वरला जाऊन ही निवडली. हा राणी रंग पाहिला आणि मला राहवेना." नावं कापून चारही कागद मी ओट्यावर मांडले. कुणी काय लिहिलंय ते सगळ्यांनी क्षणात ओळखलं. मग मी विचारलं, ही एकाच दुकानाची पाटी वाटते का? कुणी काही बोललं नाही.

तोवर आमच्याकडे 'आवाजाचं धोरण' म्हणून एक कागद होताच. त्यावर चार विशेषणं होती: आपुलकीचा, प्रामाणिक, अभिजात, तरुण. मी तो कागद चौघांपुढे ठेवला आणि म्हटलं, तुमची कॅप्शन यात बसते का बघा. चौघांनाही ती बसते असं मनापासून वाटलं. मुलाला आपलं लिखाण आपुलकीचं वाटत होतं, कारण तो ग्राहकाला 'तू' म्हणत होता. काकूंना आपलं आपुलकीचं वाटत होतं, कारण त्या 'आपणांस' म्हणत होत्या. दोघांचंही म्हणणं खरं होतं. अशा विशेषणांचा कागद निरुपयोगी ठरतो तो इथे. त्याच्याशी कुणाचंच भांडण होत नाही, म्हणून तो काहीच ठरवत नाही. लिहिणाऱ्याचा हात जिथे दोन वाटांपाशी थांबतो, तिथे कोणती वाट धरायची हे त्याला सांगता येत नसेल, तर तो भिंतीवर असला काय आणि नसला काय.

महेश्वरच्या एका मागावर मी एकदा पाहिलं होतं. एकच साडी दोन विणकरांनी आळीपाळीने विणली, की माग एक, सूत एक, नक्षी एक असूनही कापडावर आडवी फिकट रेघ दिसू शकते. फणीचा ठोका प्रत्येकाचा वेगळा. एकाचा घट्ट, दुसऱ्याचा सैल, आणि जिथे हात बदलला तिथे बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे दाट-विरळ होतात. उजेडात धरलं तरच दिसते ती रेघ, पण एकदा दिसली की नजर तिथेच जाते. नागपूरच्या बाईंनी आमचं कापड उजेडात धरलं होतं.

म्हणून नवा कागद आम्ही विशेषणांनी सुरू केला नाही. जुन्या कॅप्शनांचा गठ्ठा घेतला आणि पेन्सिलीने फक्त अशा जागांभोवती गोल केले, जिथे दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी केल्या होत्या. मग प्रत्येक गोलाला एकच प्रश्न विचारला: हे बदललं तर वाचणाऱ्याला बोलणारं माणूस बदलल्यासारखं वाटेल का? पुष्कळ गोल तिथेच गळाले. कुणी तीन ओळी लिहितं, कुणी सात, याने माणूस बदलत नाही. कुणी आधी काठाबद्दल बोलतं, कुणी पदराबद्दल, त्यानेही नाही. या जागा आम्ही मोकळ्या सोडल्या आणि कागदावर तसं लिहूनही ठेवलं, की इथे ज्याचं त्याने बघावं. उरल्या त्या मोजक्याच जागा. त्यातली सगळ्यात मोठी होती ती सर्वनामाची.

बोलतंय कोण, आणि कुणाशी?

मराठीत 'मी' म्हटलं की पुष्कळदा पुढच्याच क्रियापदात लिहिणारा बाई आहे की पुरुष हे कळतं. दीदीने 'मी महेश्वरला गेले' लिहायचं आणि दोन दिवसांनी मुलाने 'मी हा फोटो काढायला घाटावर गेलो' लिहायचं, म्हणजे एकच पान सोमवारी बाई आणि बुधवारी पुरुष. 'आम्ही गेलो' म्हटलं की तो प्रश्न मिटतो, कारण तिथे बायका-पुरुष सगळे मावतात. म्हणून ठरलं: कॅप्शनमध्ये 'आम्ही'. 'मी' फक्त दीदीचा, तोही खाली तिचं नाव असेल तेव्हाच. साडी स्वतः बोलणार नाही, 'हाय मी महेश्वरी' नाही. मुलाला हे जरा लागलं. त्याची ती युक्ती लोकांना आवडायची, हे खरंही होतं. पण आठवड्यातल्या एका दिवशी कापड बोलतं आणि उरलेल्या दिवशी माणसं बोलतात, असं होऊन चालत नाही. बोलायचंच तर त्याने रोज बोलायला हवं, आणि रोज बोलणारी साडी घेऊन उशिरा पोचलेल्या पार्सलची माफी कशी मागणार, हे विचारल्यावर तो स्वतःच हसला.

ग्राहकासाठी 'तुम्ही'. 'तू' सोडला, कारण आमच्या ग्राहकांत साठीच्या बायका आहेत, आणि बायकोसाठी साडी घेणारे पुरुषही. 'आपण' सोडण्यावर मात्र काकूंशी बराच वेळ बोलणं झालं. इंदूरमध्ये वाढलेल्या आम्हा लोकांना दिवसभर हिंदीतला 'आप' कानावर असतो, त्यामुळे मराठीत 'तुम्ही' म्हणताना मान कमी दिल्यासारखं वाटतं. काकू म्हणाल्या, "अहो, मोठ्या माणसाला तुम्ही काय म्हणायचं?" पण मराठी वाचकाला 'आपण' म्हणजे 'आपण सगळे' असंही ऐकू येतं. काकूंचंच एक वाक्य होतं, "आपण ही साडी पहिल्यांदा ड्रायक्लीन करावी." एका ग्राहकाने खरंच विचारलं होतं, की तुम्ही करून पाठवता की आम्ही करायची? ते वाक्य समोर ठेवल्यावर काकूंनी मान डोलावली. हिंदी कॅप्शनांत 'आप' आणि मराठीत 'तुम्ही', असं शेजारी शेजारी लिहिलं. दोन्हींत शब्द वेगळे, पण दिलेला मान सारखाच.

दुसरी जागा रंगांची, आणि तिथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ती माझी आवडती आहे. त्या एका साडीला आम्ही मजेंटा, गुलाबी, राणी आणि मावळतीचा रंग म्हटलं होतं. वाचणारी बाई गुलाबी वाचून मनात जे धरते ते पार्सलमधून निघत नाही, आणि साडी परत येते. माझी आई मला लहानपणी क्लॉथ मार्केटात न्यायची. पांढऱ्या गादीवर बसलेला दुकानदार एकेक थान सोडायचा, आणि आई हाताने न दाखवता नुसतं नाव घ्यायची. अबोली नको, जरा गुलबक्षीकडे जाणारा. आमसुली आहे का? हा चिंतामणी नाही हो, हा नुसता निळा. दुकानदार हिंदी बोलणारा, पण मराठी घरांतली ही नावं त्याला पाठ होती. नावावरून त्याचा हात बरोबर त्याच थानाकडे जायचा. दोन माणसांमध्ये एक नाव आणि एक रंग पक्का ठरलेला असला, की तिसरं काही बोलावं लागत नाही. तेव्हा त्यात विशेष काही वाटायचं नाही. आता चार तोंडांनी एकाच रंगाची चार नावं घेताना ऐकली आणि ते आठवलं.

फोनच्या पडद्यावर भरवसा ठेवता येत नाही. एकाच फोटोतला रंग दीदीच्या फोनवर वेगळा आणि माझ्या फोनवर वेगळा दिसतो. म्हणून आम्ही खऱ्या धाग्यांचं कार्ड केलं. प्रत्येक रंगाच्या सुताचा छोटा तुकडा जाड कागदावर चिकटवला, शेजारी एक मराठी नाव आणि एक हिंदी नाव. ते कार्ड उत्तरेकडच्या खिडकीजवळ टांगलं, कारण तिथे दिवसभर उजेड फारसा बदलत नाही. कॅप्शन लिहिणाऱ्याने साडी हातात घेऊन कार्डासमोर धरायची आणि जवळचं नाव घ्यायचं. पुण्याच्या मुलीला कार्डाचा जुळा पोस्टाने पाठवला, सोबत दर नव्या मालाचे कापडाचे तुकडे. कार्डावर नसलेलं नाव वापरायचं असेल तर आधी धागा चिकटवायचा. मावळतीचा रंग असं म्हणायला बंदी नाही, पण आधी राणी म्हणायचं आणि मग मावळती आणायची. तिने हे लगेच मानलं. तिचं म्हणणं असं, की खरं नाव आधी आलं की उपमेवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. ते मी कागदावर तिच्याच शब्दांत घेतलं.

तिसरी जागा दाव्यांची. इथे आवाज आणि सचोटी वेगळ्या करता येत नाहीत. आमच्या नेहमीच्या महेश्वरीत ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमी असतो आणि बाणा सुती. तिला नुसतं 'सिल्क साडी' म्हणणं चुकीचं आहे, आणि काकूंच्या कॅप्शनमध्ये तो शब्द केवळ सवयीने आला होता, बाजारात सगळे म्हणतात म्हणून. कागदावर त्या शब्दापुढे अट लिहिली: दोन्ही धागे रेशमी असतील तरच सिल्क, नाहीतर 'रेशमी ताणा, सुती बाणा'. 'हातमाग' हा शब्द साडी कुठल्या मागावरून आली हे वहीत नोंदलेलं असेल तरच. 'सोनेरी जर' चालेल, कारण सोनेरी हा दिसणारा रंग आहे. 'सोन्याची जर' हा मात्र दावा आहे, आणि तो तपासल्याशिवाय कुणी लिहायचा नाही. 'फक्त दोनच उरल्यात' याबद्दल मुलगा म्हणाला, की सगळेच लिहितात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात खोटी घाई लावणं ही पहिल्या काही प्रकारांत मोडते, हे मी त्याला दाखवलं. पण खरं कारण त्याहून साधं होतं. दोन उरल्यात म्हणून धावत आलेल्या बाईला पुढच्या महिन्यात तीच साडी पुन्हा दिसली, तर त्यानंतर आमच्या 'हातमाग' या शब्दावर तिने का विश्वास ठेवावा? ठरलं असं, की खरंच दोन असतील तर आकडा लिहायचा, आणि विकल्या गेल्यावर त्याच दिवशी कॅप्शन दुरुस्त करायची.

चौथी जागा चिन्हांची. उद्गारचिन्ह एका कॅप्शनमध्ये जास्तीत जास्त एक. इमोजी एकच, तोही शेवटी. यामागे रुचीपेक्षा वेगळं कारण आहे. दृष्टिहीन माणसं फोन वाचून घेतात तेव्हा प्रत्येक इमोजीचं नाव मोठ्याने वाचलं जातं, आणि वाक्याच्या मधे पाच हृदयं असली की वाक्य ऐकू येईपर्यंत सूत्र सुटतं. हे कळल्यावर मुलाने स्वतःहून आपल्या जुन्या पोस्टमधले मधले इमोजी काढले. मी त्याला तसं काही सांगितलं नव्हतं.

मग त्या चार कागदांवरून एक कॅप्शन पुन्हा लिहिली. फीडमध्ये पहिल्या दोनेक ओळीच दिसतात आणि पुढचं बोट लावल्यावर उघडतं, म्हणून वस्तू कोणती ते आधी. "राणी रंगाची महेश्वरी, काठ हिरवा. ताणा रेशमी आणि बाणा सुती, त्यामुळे अंगाला हलकी आणि निऱ्या नीट बसतात. काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, नेसताना उलटसुलट बघावं लागत नाही. महेश्वरच्या हातमागावर विणलेली. मावळतीच्या उजेडात हा रंग किती वेळा बदलतो ते खिडकीशी उभं राहून पाहा. ब्लाउजपीस सोबत आहे. पहिल्यांदा तुम्ही ड्रायक्लीनच करा." ही कुणाची? मावळती पुण्याच्या मुलीची, नेमकेपणा काकूंचा, खिडकी मुलाची, कारण रोज त्या खिडकीशी तोच उभा असतो. दीदीने वाचली आणि म्हणाली, ही माझीच वाटते. मला आनंद झाला, आणि थोडी हुरहूरही, कारण पुण्याच्या मुलीचं ते पहिलं वाक्य, वस्त्रं जगायची असतात, त्यात कुठेच राहिलं नव्हतं. ते वाक्य चांगलं होतं. पण ते कुठल्याही साडीला लागू पडलं असतं, आणि आम्ही या साडीबद्दल बोलत होतो.

आवाज एक ठेवायचा म्हणजे सूर एकच ठेवायचा असं नाही, हेही लिहावं लागलं, नाहीतर दिवाळीच्या पोस्टमधला उत्साह माफीच्या पोस्टमध्येही उतरतो. पावसाळ्यात पार्सलं अडकली होती तेव्हा मुलाने 'थोडा इंतजार का मजा लीजिए' अशा धर्तीचं काही लिहिलं होतं. ते टाकायच्या आधी दीदीने थांबवलं. कागदावर त्यासाठी एक तयार नमुना आहे: काय झालं, कुणाची पार्सलं, कोणत्या तारखेपर्यंत पोचतील, नाही पोचली तर पैसे कसे परत मिळतील. 'आम्ही' आणि 'तुम्ही' तेच, रंगांची नावं तीच, फक्त इमोजी आणि उद्गारचिन्ह शून्य. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे वाक्य काकूंना हवं होतं, आणि ते राहिलं, पण तारखेच्या नंतर. वाचणाऱ्याला आधी तारीख हवी असते.

कागद एका पानाचा ठेवायचा, यावर मी हट्ट धरला. मोठा दस्तऐवज आमच्याकडे आधीही होता, कुठूनतरी उतरवलेला, आणि नंतर तो कुणी उघडल्याचं मला आठवत नाही. कॅप्शन लिहिणारा माणूस एका हातात साडी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभा असतो. त्याला जे अंगठ्याने एकदा सरकवून वाचता येईल तेवढंच तो वाचेल. शुद्धलेखन आम्ही त्यात घेतलंच नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये वाढलेले ४, असे मिळून १८ नियम आहेत, तेच आमचे, एवढी एक ओळ. अख्ख्या भाषेच्या लेखनाला १८ पुरतात, हे दीदीला सांगितल्यावर तिचा पानभर कागदाला असलेला विरोध मावळला.

आणि तरी तो कागद बिघडवू शकतो, हे दोनेक महिन्यांत दिसलं. ग्रिडवरच्या पोस्ट एकापाठोपाठ उघडल्या तर प्रत्येकीची सुरुवात सारखी: रंग, मग महेश्वरी, मग काठ. सगळ्यांनी कागदावरचा नमुना उचलला होता आणि रंग तेवढा बदलला होता. चुकीचं एकही अक्षर नव्हतं, पण बोलणारं माणूस नाहीसं झालं होतं. हे ओळखायची खूण सोपी आहे: शेवटच्या दहाबारा कॅप्शनांचे पहिले तीन शब्द एकाखाली एक लिहायचे. त्यात ताल ऐकू आला की नमुना नियम होऊन बसला समजायचं. उपाय म्हणून आम्ही एका नमुन्याऐवजी तीन ठेवले, तिन्हींची सुरुवात वेगळी: एक रंगाने, एक विणकराच्या कामाने, एक ग्राहकाच्या प्रश्नाने. दर काही महिन्यांनी जुने काढून नवे घालतो, टीमने त्या काळात लिहिलेल्यांतले. नियमांपेक्षा नमुने लवकर शिळे होतात. नावं कापून ओळखायचा तो खेळही आम्ही अधूनमधून खेळतो. आता ओट्याभोवती वाद होतात. काकूंची कॅप्शन मुलाची वाटते, मुलाची दीदीची.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. इंदूरची मराठी. आमच्याकडे साडी 'घालतात', नेसत नाहीत, आणि ती तुमच्यावर छान 'लागते', दिसत नाही. पुण्याच्या मुलीने पहिल्याच आठवड्यात हे गोल केलं होतं. पुण्या-नागपूरच्या वाचकाला ते अडखळवतं, हे मला मान्य आहे, आणि साडीच्या पानावर 'नेसणे' हवंच, यावर मी स्वतः मत दिलं. पण हीच भाषा माझ्या आईची. पोह्यांवर जीरावन घालताना आणि सराफ्यात रात्री उभं राहून गप्पा मारताना ती हीच बोलायची, आणि तिला कुणी अशुद्ध म्हटलेलं मला चाललं नसतं. ज्या कागदाने चौघांचा आवाज एक केला, त्यानेच शहराचा आवाज थोडा पुसला. दीदीचं म्हणणं, की शहर व्याकरणातून न येता वस्तूंतून येऊ दे: घाट, सराफा, क्लॉथ मार्केट, इथला उन्हाळा. मी ते स्वीकारलं. पूर्ण पटलं असं मात्र म्हणणार नाही. ग्राहकांना फोनवर बोलताना आणि मेसेजला उत्तर देताना मात्र कागद लागू नाही, फक्त 'तुम्ही' तेवढं पाळायचं, ही ओळ मी माझ्या आग्रहाने घातली. तिथे काकू 'छान लागेल हो तुमच्यावर' म्हणतात, आणि म्हणू देत.

कागदाच्या तळाशी तारीख आहे आणि एकाच माणसाचं नाव, सध्या माझं. बदल सुचवायला सगळे मोकळे, ठरवणारं एकच, नाहीतर प्रत्येक कॅप्शनवर सभा भरते. नवा नियम घ्यायचा तर तोच वाद निदान दोनदा झालेला हवा, आणि पान भरलं असेल तर एक जुना काढायचा. गेल्या आठवड्यात देवासहून नवी मुलगी आली. कागद वाचून तिने विचारलं, की विणकराचं नाव कॅप्शनमध्ये घ्यायचं का, आणि घेतलं तर त्याला विचारून की न विचारता? हे आमच्या कुणाच्याच पेन्सिलीने गोल केलेलं नव्हतं, कारण चौघांनीही आजवर ते नाव लिहिलंच नव्हतं. दीदी येत्या खेपेला महेश्वरला जाईल तेव्हा विणकरांना विचारणार आहे. तोवर नाव घ्यायचं नाही, असं पेन्सिलीने लिहून ठेवलंय.